कातडीच्या आत आणि बाहेर

गुडघ्याचा झिजलेला सांधा काढून त्याच्या जागी धातूचा आणि प्लास्टिकचा सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया झाली, तर त्या कृत्रिम सांध्याची किंमत पन्नास-साठ हजारांच्या घरात जाणारी असूनही आरोग्यविम्याची कंपनी ती सहसा तक्रार न करता मंजूर करते. परंतु त्याच रुग्णाला दुसऱ्या दिवशी ज्या ॲल्युमिनियमच्या वॉकरचा आधार देऊन उभे केले जाते, आणि ज्याच्यावाचून त्या महागड्या सांध्याचा पुढील महिना-दीड महिना काडीचाही उपयोग होणार नसतो, त्या हजार-दीड हजारांच्या वॉकरसमोर हिशेबनीस लाल शाईने ‘अदेय’ असा शेरा मारतो. रुग्णाच्या घरच्यांना हा प्रकार अरेरावीचा वाटतो आणि कंपनीच्या मनुष्याला तो इतका सरळ वाटतो की समजावून सांगण्यासारखे त्यात काही आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः या दोघांच्या मध्ये दोन रेषा आहेत. एक रुग्णाच्या कातडीची आणि दुसरी रुग्णालयाच्या दाराची. वस्तू शस्त्रक्रियेने कातडीच्या आत गेली तर ती उपचाराचा भाग ठरते, आणि बाहेर राहिली तर ती रुग्णाच्या मालकीची जिन्नस ठरते. खर्च दाराच्या आत झाला तर तो विम्याच्या कक्षेत येतो, आणि बाहेर झाला तर त्याला काही थोड्या दिवसांची, तीही मुख्यतः औषधे आणि तपासण्या यांच्यापुरती, सवलत मिळते. कुबड्या, श्रवणयंत्रे, निद्राश्वसनरोधावरील सीपॅप यंत्रे आणि कृत्रिम पाय ही चारही साधने या दोन्ही रेषांच्या पलीकडे पडतात.

या रेषा कोणी आणि केव्हा आखल्या हे पाहू गेल्यास आपल्याला १९८६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार सरकारी उपकंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ या नावाची पॉलिसी बाजारात आणली, आणि ती नावाप्रमाणे आजाराचा विमा नसून रुग्णालयातील मुक्कामाचा विमा होती. किमान चोवीस तास दाखल झाल्यावाचून तिच्यातून पैसा मिळत नसे. त्या कुळातील जुन्या पॉलिसींचा मजकूर आज वाचला तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. देय खर्चांची जी जंत्री त्यांत दिलेली असे, तिच्यात भूल, रक्त, प्राणवायू, शस्त्रक्रियागृहाचे भाडे यांच्या रांगेत पेसमेकर आणि कृत्रिम अवयव यांचाही नावानिशी उल्लेख असे. उलट चष्मे, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्रे यांना त्याच दस्तऐवजाच्या अपवादांच्या सदरात स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवलेले असे. म्हणजे पाय गमावलेल्या मनुष्याचा कृत्रिम पाय आणि वयोमानाने कमी ऐकू येणाऱ्याचे यंत्र यांत मुळात भेद केला गेला होता. पुढे खाजगी कंपन्या आल्या, पॉलिसींची संख्या वाढली, आणि पुष्कळ ठिकाणी तो भेद पुसून टाकणारे एकच ऐसपैस कलम आले: शरीराबाहेर वापरावयाची, टिकाऊ आणि पुन्हापुन्हा उपयोगात येणारी सर्व वैद्यकीय उपकरणे, मग ती चाकाची खुर्ची असो, कुबडी असो, निद्राश्वसनरोधाचे यंत्र असो की बाह्य कृत्रिम अवयव असो, विम्याच्या बाहेर.

विमा नियामक प्राधिकरणाने या गोंधळात थोडी शिस्त आणली ती याद्यांच्या रूपाने. रुग्णालयाच्या बिलातील किरकोळ बाबींच्या ज्या चार याद्या आज प्रचारात आहेत, त्यांतील पहिली ६८ बाबींची असून तिच्यातील वस्तूंचा खर्च द्यावा की न द्यावा हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले आहे. मिनरल वॉटर, टेलिफोन, धुलाई अशा बाबींच्या पंगतीलाच तिथे चालण्याची साधने, मानेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा, मधुमेह्यांची पादत्राणे, घरी वापरावयाचा प्राणवायूचा सिलिंडर आणि साधी क्रेप बँडेजची गुंडाळीही बसलेली आहे. उरलेल्या तीन याद्यांतील बाबी मात्र खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या आकारात किंवा उपचाराच्या आकारात सामावलेल्या आहेत असे मानावयाचे, त्यांचे वेगळे बिल लावावयाचे नाही. सीपॅप यंत्र यांपैकी चौथ्या यादीत आहे. म्हणजे अतिदक्षता विभागात रुग्णाच्या नाकावर बसविलेले सीपॅप हे उपचाराचे अंग आहे आणि त्याचा आकार उपचारखर्चात धरला जातो. तेच यंत्र त्याच्या घरच्या खाटेशेजारी ठेवले की त्याचे मूल्य विम्याच्या दृष्टीने शून्य होते.

कंपन्या या साधनांना का भितात, याची कारणे केवळ कंजूषपणात शोधणे न्यायाचे होणार नाही. श्रवणयंत्राचे उदाहरण घेतले म्हणजे त्यांची बाजू सर्वांत बळकट दिसते. विमा हा अनिश्चित संकटावर उतरविला जातो; वार्धक्याने येणारे बहिरेपण पुष्कळ अंशी निश्चित असते, ते हळूहळू येते, आणि ज्याला ते येऊ लागले आहे तो ते येण्याची चाहूल लागल्यावर पॉलिसी विकत घेऊ शकतो. शिवाय श्रवणचाचणीच्या आलेखावरून कोणत्या कानाला किती डेसिबलची उणीव आहे हे नक्की सांगता आले, तरी त्या उणिवेसाठी काही हजारांचे यंत्र पुरे की लाखाच्या पुढचे हवे, हे आलेख सांगत नाही. ते ग्राहकाची आवड, त्याची ऐपत आणि विक्रेत्याची वाणी ही तिघे मिळून ठरवितात. परक्याच्या पैशाने खरेदी करावयाची असेल तर ही तिघे कोणत्या बाजूला झुकतील हे सांगण्यास ज्योतिष्याची गरज नाही. एकट्या आपल्याच देशातील विमेवाल्यांनी हे ताडले आहे असेही नाही. अमेरिकेत वृद्धांसाठी १९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाला तेव्हापासून त्याच्या मूळ योजनेतून श्रवणयंत्रे कायद्याच्या शब्दांनीच वगळलेली आहेत.

दुसरे कारण काळाचे आहे. पॉलिसी एका वर्षाची असते, हप्ता त्या एका वर्षात घडू शकणाऱ्या घटनांच्या हिशेबाने बसविलेला असतो, आणि साधन मात्र चार-पाच वर्षे टिकते. कंपनीने आज यंत्र घेऊन दिले आणि ग्राहक पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर उरलेल्या वर्षांचा लाभ कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? तिसरे कारण पुराव्याचे. रुग्णालयाच्या बिलामागे केसपेपर असतो, शस्त्रक्रियेची टिपणे असतात, परिचारिकेची नोंदवही असते. दुकानाच्या पावतीमागे दुकानदाराच्या सहीखेरीज काही नसते, आणि विकत घेतलेली वस्तू वापरली जाते की पेटाऱ्यात पडून राहते, हे कळावयास मार्ग नसतो.

सीपॅपच्या बाबतीत मात्र हे तिसरे कारण लटके पडते. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी प्रथम वापरलेल्या या युक्तीचे तत्त्व इतके साधे आहे, की झोपेत ढिली पडून मिटणारी घशाची वाट हवेच्या सौम्य पण सतत दाबाने उघडी ठेवावयाची, एवढेच ते यंत्र करते. परंतु आजची बहुतेक सीपॅप यंत्रे कोणत्या रात्री किती तास मुखवटा लावला होता याची नोंद आपल्या पोटात ठेवतात. अमेरिकन मेडिकेअरने याचाच उपयोग करून घेतला: बारा आठवड्यांच्या चाचणीकाळात रुग्णाने सलग तीस दिवसांपैकी निदान सत्तर टक्के रात्री चार तास तरी यंत्र वापरल्याचे दिसले, तर पुढे भाडे चालू राहते, आणि तेरा महिन्यांचे भाडे भरून झाले की यंत्र रुग्णाच्या मालकीचे होते. म्हणजे टिकाऊ वस्तूचा विमा अशक्य आहे असे नव्हे. तो खरेदीच्या बिलावर चालत नाही, भाड्याच्या आणि वापराच्या नोंदीवर चालतो. आपल्याकडे यंत्र तर राहोच, त्याच्या अगोदरची रात्रभराची निद्रापरीक्षाही पुष्कळदा नाकारली जाते, कारण केवळ तपासणीसाठी दाखल होणे हा प्रमाणित अपवादांपैकी एक आहे.

कृत्रिम पायाकडे वळल्यावर वरील सर्व युक्तिवाद एकेक करून गळून पडतात, आणि म्हणूनच या प्रकरणात त्याच्यापाशी जरा अधिक थांबावयाचे आहे. कृत्रिम पाय मिळावा म्हणून कोणी आपला पाय कापून घेत नाही. घटना अनिश्चित असते, तिचा पुरावा शस्त्रक्रियेच्या कागदांत असतो, आणि त्या शस्त्रक्रियेचा खर्च कंपनीने स्वतःच मंजूर केलेला असतो. तरीही पायाचे पैसे मिळत नाहीत. ते का, हे एका कल्पित पण नित्याच्या उदाहरणाने पाहू.

नीरा नदीच्या काठी, इंदापूर तालुक्यात, पलीकडच्या तीरावर सोलापूर जिल्हा दिसावा अशा बेताने वसलेले निरवांगी हे गाव उसाचे. शेतीची वीज रात्रीची असली की शेतकरी रात्रीच उसाला पाणी द्यावयास जातो, आणि चिखलात वहाणा रुतून बसतात म्हणून त्या बांधावर काढून ठेवतो. समजा, अशाच एका बावन्न वर्षांच्या मधुमेही शेतकऱ्याच्या, ज्यांना आपण तात्या म्हणू, तळव्यात उसाचे खोडके घुसले. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असल्याने जखम चार दिवसांनी, मोज्याला पाणी लागलेले पाहून, कळली. तोवर विष घोट्यापर्यंत चढले होते. १० नोव्हेंबरला गुडघ्याखाली पाय कापावा लागला, आणि १९ नोव्हेंबरला घरी पाठविण्यात आले. पॉलिसी तीन लाखांची, सहावे वर्ष चालू असल्यामुळे मधुमेहाची प्रतीक्षामुदत संपलेली, प्रत्येक दाव्यात पाच टक्के भार रुग्णाने सोसावयाचा, आणि घरी आल्यानंतरचे साठ दिवस खर्चासाठी खुले.

बिल झाले १,८४,००० रुपयांचे. त्यातून पहिल्या यादीतील हातमोजे, क्रेप बँडेज, सोबत्याचा आकार आणि वॉकर मिळून ९,००० रुपये वगळले गेले. उरलेल्या १,७५,००० वर पाच टक्के म्हणजे ८,७५० कापून कंपनीने १,६६,२५० रुपये अदा केले. नंतरच्या साठ दिवसांत मलमपट्टी आणि औषधे यांवर १२,००० खर्च झाले, त्यांपैकी पट्ट्यांचे हजार वगळून आणि पाच टक्के कापून १०,४५० मिळाले. एवढ्यावर १८ जानेवारी उजाडला आणि साठ दिवसांची मुदत संपली. कापलेल्या पायाचा उरलेला भाग, ज्याला या व्यवसायातील लोक ‘स्टंप’ म्हणतात, तो माप घेण्यायोग्य झाला ३० जानेवारीला. आणि पुण्याच्या एका खाजगी कार्यशाळेने ६०,००० रुपयांचा पाय तयार करून दिला तो फेब्रुवारीच्या मध्यावर. तो खर्च सर्वस्वी तात्यांच्या पदरी पडला. एकूण खर्चापैकी ७९,३०० रुपये त्यांच्या घरातून गेले, आणि पॉलिसीच्या तीन लाखांपैकी १,२३,३०० रुपयांना हातही लागला नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तात्यांच्या पॉलिसीत टिकाऊ उपकरणांचे कलम नसते, आणि जुन्या मेडिक्लेमप्रमाणे ‘कृत्रिम अवयव’ हे शब्द देय खर्चांत असते, तरीही परिणाम बहुधा हाच झाला असता. पाय देय, पण मुदतीत. आणि मुदत साठ दिवसांची. शरीर मात्र साठ दिवसांचे करारपत्र वाचत नाही. शस्त्रक्रियेनंतर टाके निघावयास दोन ते तीन आठवडे लागतात, मधुमेह्यास त्याहूनही अधिक. मग सूज उतरवावी लागते. गुडघ्याखालच्या स्टंपावर क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखे तिरके फिरवीत, टोकाकडे घट्ट आणि गुडघ्याकडे सैल, असे बांधावयाचे आणि दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधावयाचे. ते गोल गोल गुंडाळले तर वरचा भाग आवळला जातो आणि टोक फुग्यासारखे सुजते. असे सहा ते बारा आठवडे गेल्यावर स्टंपाला जो निमुळता आकार येतो, त्यावरच खोबणीचे माप घेता येते. ज्या पट्टीवर हा सर्व खटाटोप अवलंबून आहे, ती पट्टी पहिल्या यादीत अदेय आहे, हे आपण वर पाहिलेच.

या आठवड्यांत बिघडते ते बहुधा एका उशीमुळे. ठणका कमी व्हावा म्हणून घरची माणसे मायेने गुडघ्याखाली उशी देतात, रुग्ण दिवसभर पाय मुडपून बसतो, आणि गुडघ्यामागचे स्नायू आखडून गुडघा वाकलेल्या अवस्थेतच पक्का होतो. फिजिओथेरपिस्ट ओरडून सांगतो, “तात्या, ती उशी आधी काढा, आणि दिवसातनं दोनदा पालथं पडत चला,” पण त्याची भेट आठवड्यातून एकदा आणि उशी अष्टौप्रहर. गुडघा वीस-पंचवीस अंशांहून अधिक वाकून आखडला की मग पैसा असूनही साधा पाय नीट बसत नाही. म्हणून पायाला होणारा विलंब हा केवळ गैरसोयीचा विलंब नसतो. पाय मिळण्याची आशा दिसत नसेल तर माणूस व्यायामही सोडतो, आणि काही महिन्यांनी शिबिरात फुकट मिळणारा पायही त्याला निरुपयोगी ठरतो.

पाय बसल्यानंतरही हिशेब मिटत नाही. गुडघ्याखालच्या पायात शरीराचा पुष्कळसा भार वाटीच्या खालच्या कंडरेवर आणि आजूबाजूच्या भरीव भागावर घ्यावयाचा असतो, हाडाच्या टोकावर नव्हे. पाय काढल्यावर कातडी लाल दिसणे स्वाभाविक आहे. ती लाली दहा-वीस मिनिटांत गेली तर खोबण ठीक, आणि हाडाच्या टोकावर किंवा नडगीच्या कडेवर ती रेंगाळली तर खोबण चुकलेली. ज्याला संवेदनाच नाही अशा मधुमेह्याने हे रोज संध्याकाळी आरशात पाहिले पाहिजे. पहिल्या वर्षात स्टंप आटत जातो, तेव्हा आत एकावर एक मोजे चढवून पोकळी भरली जाते; मोज्यांचे थर फारच वाढले की नवी खोबण करावी लागते. यातले एकही काम कातडीच्या आतले नाही.

तेव्हा निरवांगीचा माणूस पायासाठी जातो कोठे? पुण्यात वानवडीला दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ साली स्थापन झालेले सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि तेथे नागरिकांसाठीही काम होते. दुसरा मार्ग जयपूरचा. रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेले रबरी पाऊल १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग साहाय्यता समितीमार्फत विनामूल्य बसविले जाते. येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही: बुटात घालावयाच्या विलायती पद्धतीच्या महागड्या पावलापेक्षा हे रबरी पाऊल तात्यांना अधिक सोयीचे, कारण ते अनवाणी चिखलात चालते, पाण्याने बिघडत नाही, आणि ते लावून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते. उसाच्या सरीत उभे राहणाऱ्यास साठ हजारांचा पाय घेतल्याने साठ हजारांची सोय मिळतेच असे नाही.

तिसरा मार्ग केंद्र सरकारच्या ‘एडिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेचा. ती १९८१ पासून चालू आहे, आणि तिच्यातील बरीचशी साधने कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कारखान्यात बनतात. त्यासाठी निदान चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला रुजू करावा लागतो. काठ्या, वॉकर आणि श्रवणयंत्रे यांच्यासाठी साठीपुढील गरीब वृद्धांना २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ साली पासष्टीपुढील, वार्षिक दोन लाखांहून कमी उत्पन्न असलेल्या वृद्धांच्या खात्यावर अशाच साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये जमा करण्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. विम्याने जे दाराबाहेर ठेवले ते असे शासनाने शिबिरांच्या रूपाने उचललेले आहे; फरक इतकाच की विम्याच्या दाव्याला रुग्णाची तारीख असते आणि शिबिराला शिबिराची तारीख असते.

कामगारांना या साधनांचा हक्क देणारा एक कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमेदार कामगाराला कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची ही औषधांप्रमाणेच मिळतात, कारण तेथे विमा रुग्णालयातील मुक्कामाचा नसून कामगाराच्या कामावर परतण्याचा आहे. परंतु त्याच कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गूळ यांचे उत्पादन नावानिशी घातले. भवानीनगर, शहाजीनगर, माळेगाव अशा साखर कारखान्यांनी वेढलेल्या या टापूला ती एक ओळ किती महाग पडली असेल, याची कल्पना करता येते.

आता समजा, पाय खोडक्याने आणि मधुमेहाने न जाता उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला. मग चित्र पालटते. वर्षाला वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत एक पाय कायमचा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य सरकारच्या शेतकरी अपघात योजनेतही एका अवयवासाठी एक लाखाची तरतूद आहे. हे पैसे बिलावर अवलंबून नसतात; ते घेऊन पाय करावा, बैल घ्यावा की कर्ज फेडावे, हे घेणारा ठरवितो. आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असून दोष त्याचा असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे कृत्रिम पायाची किंमत, त्याची दुरुस्ती आणि काही वर्षांनी तो बदलण्याचा खर्चही मागता येतो. तो द्यावा हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालच्या एका निकालात मान्य केले आहे. एकाच गावात, एकाच वर्षी, त्याच उंचीवर पाय गमावलेल्या दोघांपैकी एकाला आयुष्यभराचे पाय मिळतात आणि दुसऱ्याला वॉकरही मिळत नाही, याचे कारण त्यांच्या गरजेत नसून कराराच्या जातीत आहे: एक करार नुकसान भरून देतो, दुसरा फक्त मुक्कामाचे बिल.

माझ्या मते पहिला कृत्रिम पाय, पहिली खोबण आणि ती बदलावी लागल्यास दुसरी, ही शस्त्रक्रियेचाच अखेरचा भाग मानून दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांच्या मुदतीत देय धरली पाहिजेत. पाचव्या वर्षीचा पाय हा वेगळा प्रश्न आहे, आणि तेथे कंपनीचे काळाचे कारण खरे ठरते. श्रवणयंत्राविषयी मी इतक्या खात्रीने बोलणार नाही.

सध्या मात्र पॉलिसी घेणाऱ्याने अपवादांचे सदर उघडून ‘बाह्य’, ‘टिकाऊ’ आणि ‘कृत्रिम अवयव’ हे शब्द कोठे व कसे आले आहेत ते पाहावे. अधिक हप्ता घेऊन पहिल्या यादीतील बाबी देणारी जोडपॉलिसी हल्ली पुष्कळ कंपन्या विकतात. तिच्यातून वॉकरचे पैसे मिळू शकतात, पण ती बहुधा मुक्कामातल्या बिलापुरतीच असते, म्हणून वॉकर घरी जाताना बाहेरच्या दुकानातून घेण्याऐवजी रुग्णालयाच्या बिलातच घेतलेला बरा. घरच्या उपकरणांसाठी वेगळे कलम असणाऱ्या पॉलिसीही आहेत. तेथे उपकरणांची नावे, रकमेची मर्यादा आणि प्रतीक्षामुदत या तीन बाबी विचारून घ्याव्यात. दावा नामंजूर झाला, आणि पॉलिसीत एका ठिकाणी कृत्रिम अवयव देय व दुसऱ्या ठिकाणी बाह्य उपकरणे अदेय असा दुटप्पी मजकूर असेल, तर संदिग्ध मजकुराचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावयाचा, या विमाकायद्यातील जुन्या तत्त्वाचा आधार घेता येतो. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिनाभर वाट पाहावी, आणि समाधान न झाल्यास एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज द्यावा; त्यास फी नाही आणि वकीलही लागत नाही. सोबत शस्त्रक्रियेचा अहवाल, पाय बसविण्याविषयी शल्यविशारदाने घरी पाठविताना दिलेली लेखी सूचना, स्टंप मापास योग्य केव्हा झाला याचा दाखला आणि कार्यशाळेची पावती असावी. मात्र अपवादाचे कलम स्पष्ट असेल तर लोकपालही ते खोडू शकत नाही.